सारख्या गोळ्या, चार मुलं आणि तीन काड्या: प्रत्येकाला किमान एक देऊन वाटणीचे प्रकार मोजायची पद्धत

दहा सारख्या गोळ्या आहेत. त्या चार मुलांना वाटायच्या आहेत आणि कोणीही रिकाम्या हाताने जाता कामा नये. अशी वाटणी किती प्रकारे करता येईल?

परम्युटेशन-कॉम्बिनेशन नुकतं शिकायला घेतलेल्यांना हा प्रश्न हमखास अडवतो. सूत्र ठाऊक नसतं म्हणून नव्हे. साधारणपणे दोन-तीन सूत्रं पाठ असतात, ती एकमेकांसारखी दिसतात आणि कुठलं कुठे लावायचं ते कळत नाही. या पद्धतीला इंग्रजी पुस्तकांत ‘स्टार्स अँड बार्स’ म्हणतात: तारे म्हणजे वस्तू, दांड्या म्हणजे वाटणीच्या रेषा. खाली एकच उदाहरण, १० गोळ्या आणि ४ मुलं, शेवटपर्यंत धरून ठेवलं आहे. सूत्रही एकच वापरलं आहे. बाकीचे सगळे प्रश्न त्याच सूत्राच्या दारात आणून सोडायचे असतात.

जवळ काय हवं

- दहा सारख्या वस्तू: बटणं, मणी, नाणी, काहीही. फक्त एकीला दुसरीपासून ओळखता येऊ नये.
- तीन काड्या. चार नाही, तीनच. का, ते पुढे येईल.
- कागद-पेन्सिल.
- गुणाकार-भागाकार येणं आणि C(९, ३) म्हणजे ‘९ जागांमधून ३ निवडायचे प्रकार’ एवढं माहीत असणं.

## १. आधी प्रश्न खरंच या जातीचा आहे का ते बघा

गणित मांडण्याआधी प्रश्नाला चार गोष्टी विचारा. गोळ्या सारख्या आहेत का? मुलं वेगवेगळी धरायची आहेत का? सगळ्या गोळ्या संपवायच्या आहेत का? आणि प्रत्येकाला किमान एक मिळायलाच हवी का? चारही उत्तरं ‘हो’ असतील तर ही पद्धत जशीच्या तशी लागू होते. शेवटच्या दोन प्रश्नांना ‘नाही’ असं उत्तर आलं तर थोडी डागडुजी करून काम भागतं. पहिल्या दोनांपैकी एकाला जरी ‘नाही’ आलं, तर प्रश्नच वेगळा होतो.

किती वेगळा, ते आकड्यांत पाहा. आपल्या प्रश्नाचं उत्तर ८४ येणार आहे. त्याच दहा गोळ्या दहा वेगवेगळ्या रंगांच्या असतील आणि कोणाला कुठला रंग मिळाला याने फरक पडत असेल, तर उत्तर ८,१८,५२० होतं. उलट मुलांमधला भेद पुसला, म्हणजे ‘चार बिननावाच्या ढिगांत दहा गोळ्या’ असा प्रश्न केला, तर उत्तर फक्त ९ येतं. गोळ्या दहाच, वाटे चारच, तरी उत्तरं ९, ८४ आणि सव्वाआठ लाखांच्या आसपास. त्यामुळे ‘सारख्या’ आणि ‘वेगवेगळ्या’ हे शब्द प्रश्नात शोधून त्यांच्याखाली रेघ मारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

वाटणी ‘वेगळी’ कधी म्हणायची, हेही इथेच पक्कं करा. पहिल्या मुलाला ३, दुसऱ्याला २, तिसऱ्याला ४ आणि चौथ्याला १ ही एक वाटणी. पहिल्याला २ आणि दुसऱ्याला ३ दिल्या, बाकीच्यांच्या तशाच ठेवल्या, तर ती दुसरी वाटणी. पण पहिल्या मुलाने आपल्या तीनपैकी एक गोळी दुसऱ्याच्या एका गोळीशी बदलून घेतली तर काहीच बदललं नाही, कारण गोळ्या ओळखता येत नाहीत. आपण फक्त कोणाकडे किती, एवढंच मोजतो आहोत.

## २. गोळ्या ओळीत मांडा आणि फटी मोजा

दहा बटणं एका ओळीत ठेवा. दोन शेजारच्या बटणांमध्ये एक फट असते. दहा बटणांच्या मध्ये अशा फटी नऊ.

```
★ _ ★ _ ★ _ ★ _ ★ _ ★ _ ★ _ ★ _ ★ _ ★
```

पहिली मोठी चूक इथेच होते: दहा वस्तू म्हणून दहा फटी धरल्या जातात. कुंपणाचे दहा खांब असले तर त्यांच्यामध्ये नऊच गाळे येतात, तसंच हे. ओळीच्या डावीकडची आणि उजवीकडची मोकळी जागा फट म्हणून धरायची नाही. हा काही नुसता संकेत नाही, त्याचं कारण पुढच्याच पायरीत आहे.

## ३. तीन फटींत तीन काड्या ठेवा

आता नऊपैकी कोणत्याही तीन फटी निवडा आणि प्रत्येकीत एक काडी उभी करा. समजा तिसऱ्या, पाचव्या आणि नवव्या फटीत ठेवल्या:

```
★★★|★★|★★★★|★
```

ओळीचे चार तुकडे पडले. डावीकडचा पहिला तुकडा पहिल्या मुलाचा, त्यापुढचा दुसऱ्याचा, आणि असं चौथ्यापर्यंत. म्हणजे ३, २, ४, १. चार तुकडे पाडायला तीन काप पुरतात, म्हणून काड्या तीन. चार मुलं म्हणून चार काड्या घेतल्या की पाच तुकडे पडतात आणि पाचवा कोणाचा, हे कोणालाच सांगता येत नाही.

‘प्रत्येकाला किमान एक’ ही अट आपण वेगळी तपासलीच नाही, हे लक्षात आलं का? ती मांडणीतच बसली आहे. एका फटीत एकच काडी ठेवता येते, त्यामुळे दोन काड्यांच्या मध्ये निदान एक गोळी राहतेच. ओळीच्या टोकांना काडी ठेवता येत नाही, त्यामुळे पहिल्या आणि चौथ्या मुलालाही एक तरी मिळतेच. टोकाची जागा फट म्हणून धरली असती तर डावीकडच्या काडीआधी एकही गोळी राहिली नसती आणि पहिलं मूल उपाशी राहिलं असतं.

मोजणी बिनचूक आहे हे कळायला उलटा प्रवासही करून पाहा. मी म्हटलं, १, १, १, ७. तुम्हाला काड्या कुठे ठेवायच्या ते लगेच सांगता येतं: पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या फटीत. दुसरी कुठलीही मांडणी ही वाटणी देत नाही. काड्यांच्या प्रत्येक मांडणीतून एकच वाटणी निघते आणि प्रत्येक वाटणीतून काड्यांची एकच मांडणी. जोड्या अशा बिनचूक लागल्या की वाटण्या मोजायच्या ऐवजी काड्यांच्या मांडण्या मोजल्या तरी चालतं. सगळी युक्ती एवढीच आहे.

## ४. आकडेमोड

नऊ फटींमधून तीन निवडायच्या. पहिल्या काडीला ९ जागा, दुसरीला उरलेल्या ८, तिसरीला ७. गुणाकार ५०४. पण काड्या सारख्याच आहेत. ३, ५, ९ या फटी आधी ५, मग ९, मग ३ अशा क्रमाने भरल्या तरी चित्र तेच दिसतं. तीन काड्या ठेवायचे क्रम ३ × २ × १ = ६, म्हणून प्रत्येक चित्र सहा वेळा मोजलं गेलं आहे.

C(९, ३) = (९ × ८ × ७) ÷ (३ × २ × १) = ५०४ ÷ ६ = ८४

सर्वसाधारण सूत्र असं: n गोळ्या, k मुलं, प्रत्येकाला किमान एक, तर प्रकार C(n − १, k − १).

इथे एक शंका हटकून येते आणि ती रास्त आहे. सहाने भागताना मुलांमधला फरक तर पुसला गेला नाही ना? नाही. भागाकाराने फक्त काड्या *ठेवण्याचा* क्रम पुसला. मुलं तुकड्यांच्या जागांवरून ओळखली जातात, आणि पहिला तुकडा पहिल्या मुलाचा हे ठरलेलंच आहे. याच शंकेचा उलटा अवतारही भेटतो: ‘चार तुकडे चार मुलांना द्यायचे प्रकार २४, म्हणून ८४ ला २४ ने गुणायचं.’ तेही चूक. ३, २, ४, १ आणि २, ३, ४, १ या दोन्ही वाटण्या ८४ मध्ये आधीच वेगवेगळ्या मोजल्या आहेत. गुणलं की त्याच पुन्हा मोजल्या जातात.

आणखी एक सापळा दिसायला फार सोज्वळ आहे. आधी प्रत्येकाला एक देऊन टाकू, उरल्या ६; प्रत्येक गोळी चौघांपैकी कोणालाही जाऊ शकते, म्हणून ४ × ४ × ४ × ४ × ४ × ४ = ४०९६. ‘ही गोळी कोणाला, ती गोळी कोणाला’ असं म्हणताक्षणी आपण गोळ्यांना नावं दिली. सारख्या गोळ्यांच्या प्रश्नात ‘ही’ आणि ‘ती’ असं काही नसतंच. उत्तर मोठं आणि भारदस्त दिसतं म्हणून ते पटकन पटतं, एवढंच.

## ५. उत्तर ताडून पाहा

८४ वर आंधळा विश्वास ठेवायची गरज नाही, हाताने तपासता येतात. आधी क्रम विसरून १० चे चार भाग किती तऱ्हांनी पडतात ते लिहा, मोठा आकडा आधी. मग प्रत्येक तऱ्हेतले आकडे चार मुलांमध्ये किती प्रकारे फिरवता येतात ते शेजारी मांडा.

| भाग | किती प्रकारे फिरतात |
|---|---|
| ७, १, १, १ | ४ |
| ६, २, १, १ | १२ |
| ५, ३, १, १ | १२ |
| ५, २, २, १ | १२ |
| ४, ४, १, १ | ६ |
| ४, ३, २, १ | २४ |
| ४, २, २, २ | ४ |
| ३, ३, ३, १ | ४ |
| ३, ३, २, २ | ६ |

उजवीकडची बेरीज ८४. ओळी नऊ, आणि बिननावाच्या ढिगांचं मघाचं उत्तर ९ आलं ते इथूनच. हा तक्ता जपून ठेवा, पुढे मर्यादा लावताना तो पुन्हा लागणार आहे.

संख्या मोठ्या असल्या की तक्ता करणं जिकिरीचं होतं. तेव्हा सूत्र आठवतंय तेच बरोबर आहे का, हे लहान आकड्यांवर घासून पाहा. ४ गोळ्या, ४ मुलं: एकच प्रकार यायला हवा. ५ गोळ्या, ४ मुलं: जास्तीची एक गोळी कोणाला, एवढाच प्रश्न उरतो, म्हणून ४. आपलं सूत्र C(३, ३) = १ आणि C(४, ३) = ४ देतं. कोणी चुकून C(n, k) लावलं तर पहिल्या परीक्षेत C(४, ४) = १ येऊन ते बेमालूम पास होतं, पण दुसऱ्या परीक्षेत C(५, ४) = ५ येऊन पकडलं जातं. म्हणून परीक्षा नेहमी दोन घ्या.

संगणक हाताशी असेल तर तीन ओळींचं पायथॉन पुरतं:

```python
from itertools import product
n, k = 10, 4
print(sum(1 for p in product(range(1, n + 1), repeat=k) if sum(p) == n))
```

उत्तर 84 छापलं जातं. `range` मधला दुसरा आकडा स्वतः धरला जात नाही, म्हणून `n + 1` लिहिलं आहे. `range(1, ...)` च्या जागी `range(0, ...)` टाकलं की शून्य चालणाऱ्या वाटण्याही मोजल्या जातात. मुलांची संख्या वाढली की हे फार लवकर मंदावतं. तपासायला ठीक आहे, रोजच्या वापराला सूत्रच बरं.

## ६. अट बदलली तर प्रश्न बदला, सूत्र नको

कोणाला शून्य मिळालं तरी चालत असेल. यासाठी बहुतेक जण दुसरं सूत्र पाठ करतात आणि मग परीक्षेत दोघांची अदलाबदल होते. त्यापेक्षा उसनवारी करा. चौघांना एकेक जादा गोळी उसनी द्या. आता एकूण गोळ्या १४ आणि प्रत्येकाकडे किमान एक. C(१३, ३) = २८६. वाटून झालं की प्रत्येकाकडून एक परत घ्या. ज्याच्याकडे एकच होती त्याच्याकडे शून्य उरलं, बाकी सगळं जागच्या जागी.

उसनवारी उलट्या दिशेनेही चालते, पण तिथे जपायला लागतं. मूळ प्रश्नात आधी प्रत्येकाला एक देऊन टाकली तर ६ उरतात. या ६ वाटताना आता कोणाला शून्य आलं तरी चालतं, कारण किमान एक आधीच पोहोचली आहे. त्या सहांवर पुन्हा ‘किमान एक’चं सूत्र लावलं तर C(५, ३) = १० येतं. ते ‘प्रत्येकाला किमान दोन’ या प्रश्नाचं उत्तर आहे. अट एकदाच फेडायची असते.

किमान आकडे वेगवेगळे असतील. समजा सगळ्यांत लहान मुलाला निदान ३ हव्यात, बाकीच्यांना निदान १. लहानाला आधीच तीन देऊन टाकाव्यात असं वाटतं, पण दोनच द्या. तिसरी गोळी त्याला ‘किमान एक’ या नेहमीच्या अटीतून मिळणारच आहे. उरल्या ८, चौघांना किमान एक: C(७, ३) = ३५. तीन देऊन बसलात तर C(६, ३) = २० येतं, आणि त्यात लहानाला निदान चार मिळालेल्याच वाटण्या असतात. हुकलेल्या १५ वाटण्या म्हणजे लहानाला बरोबर तीन मिळालेल्या: उरलेल्या ७ गोळ्या तिघांत, C(६, २) = १५. हिशेब तंतोतंत जुळतो.

सगळ्या गोळ्या वाटायलाच हव्यात असं नसेल. म्हणजे प्रत्येकाला किमान एक, पण डब्यात काही शिल्लक राहिल्या तरी चालेल. डब्याला पाचवं मूल समजा. डबा रिकामा राहिला तरी चालतो, म्हणून फक्त डब्याला एक गोळी उसनी द्या. एकूण ११ गोळ्या, ५ वाटेकरी: C(१०, ४) = २१०.

हा आकडा ओळखीचा वाटतो ना? मूळ प्रश्नात चुकून C(n, k) लावणाऱ्याला हेच उत्तर मिळतं. हा योगायोग नाही. प्रत्येक मुलाची शेवटची गोळी कुठली, यावर खूण करायची म्हटलं तर दहा गोळ्यांपैकी चारांवर खुणा कराव्या लागतात, आणि चौथ्या खुणेनंतर ज्या उरतात त्या डब्यात. C(१०, ४) लिहिणाऱ्याने नकळत या दुसऱ्याच प्रश्नाचं बरोबर उत्तर दिलेलं असतं. मूळ प्रश्नात चौथी खूण शेवटच्या गोळीवर असणं सक्तीचं आहे, म्हणून निवडायला नऊ गोळ्या आणि तीन खुणाच उरतात.

## ७. वरून मर्यादा आली की वजाबाकी करा

खालची मर्यादा काड्यांना सहज पेलते, वरची नाही. ‘कोणालाही चारपेक्षा जास्त नकोत’ हे काड्यांच्या चित्रात आपोआप बसत नाही, कारण काड्यांमध्ये जास्तीत जास्त किती गोळ्या याला काही अडसर नसतो. म्हणून सगळ्या ८४ वाटण्या धरायच्या आणि नको असलेल्या वजा करायच्या.

पहिल्या मुलाला पाच किंवा जास्त मिळालेल्या वाटण्या किती? त्याला चार गोळ्या आधीच द्या. उरल्या ६, चौघांना किमान एक, म्हणजे पहिल्याला एकूण किमान पाच. C(५, ३) = १०. असं जादा मिळालेलं मूल चौघांपैकी कोणीही असू शकतं, म्हणून ४ × १० = ४०. दोघांना एकाच वेळी पाच-पाच मिळणं शक्य नाही, कारण मग बाकीच्या दोघांना काहीच उरत नाही. म्हणून उत्तर ८४ − ४० = ४४. मघाच्या तक्त्यात ७ किंवा ६ किंवा ५ असलेल्या पहिल्या चार ओळींची बेरीज करा: ४ + १२ + १२ + १२ = ४०. जुळलं.

आता मर्यादा तीनवर आणा. चार किंवा जास्त मिळालेलं एक ठरावीक मूल: त्याला तीन आधी द्या, उरल्या ७, C(६, ३) = २०, चार मुलांचे ८०. ८४ − ८० = ४. पण तक्त्यात बघितलं तर तीनच्या आतल्या दोन ओळी आहेत, ३, ३, ३, १ आणि ३, ३, २, २, आणि त्यांचे प्रकार ४ + ६ = १०. सहा कमी का पडले?

४, ४, १, १ ही ओळ पाहा. तिच्यातल्या प्रत्येक वाटणीत *दोन* मुलं हद्दीबाहेर गेली आहेत. पहिल्याच्या नावावर ती एकदा वजा झाली, दुसऱ्याच्या नावावर पुन्हा एकदा. अशा वाटण्या सहा, म्हणून सहा परत मिळवायच्या. सूत्राने करायचं तर: कोणतीही दोन मुलं निवडा (C(४, २) = ६ जोड्या), दोघांना तीन-तीन आधी द्या, उरल्या ४, C(३, ३) = १. एकूण ६ × १ = ६. उत्तर ८४ − ८० + ६ = १०. मुलं आणि गोळ्या वाढल्या की तिघांच्या गटांसाठी पुन्हा वजाबाकी, चौघांसाठी पुन्हा बेरीज, असं आलटून-पालटून चालतं. कुठे थांबायचं ते गोळ्याच सांगतात: आगाऊ देऊन उरलेल्या गोळ्या मुलांच्या संख्येपेक्षा कमी झाल्या की पुढची पदं शून्य.

किती मुलं एकदम हद्दीबाहेर जाऊ शकतात, हा प्रश्न वजाबाकीला हात घालण्याआधीच विचारायची सवय लावा. उत्तर ‘एकही नाही’ आलं तर वजाबाकी लागतच नाही. याचा फार सुरेख नमुना भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, म्हणजे इ. स. ११५० मध्ये, अंकपाशाच्या प्रकरणात सापडतो. प्रश्न असा: पाच स्थानांच्या संख्येत अंकांची बेरीज तेरा असेल, तर अशा संख्या किती? शून्य धरायचं नाही. म्हणजे १३ गोळ्या, ५ मुलं, प्रत्येकाला किमान एक. त्यांची रीत बेरजेतून एक वजा करून खाली उतरत जाण्याची आहे: १२, ११, १०, ९ यांचा गुणाकार, भागिले १, २, ३, ४ यांचा गुणाकार. ११,८८० ÷ २४ = ४९५. हेच आपलं C(१२, ४).

पण अंक नऊच्या वर जात नाही, म्हणजे इथे वरचीही मर्यादा आहे. तिचं काय? भास्कराचार्यांनी रीतीलाच अट जोडली आहे: बेरीज ही ‘स्थानं अधिक नऊ’ यापेक्षा लहान असेल तरच ही रीत. पाच आणि नऊ चौदा, आणि बेरीज तेरा. एका स्थानाला जास्तीत जास्त मिळणार १३ − ४ = ९. मर्यादा आहे, पण तिला धक्का लागत नाही. बेरीज चौदा केली की एखाद्या स्थानावर ‘१०’ यायला लागतो, अशा पाच वाटण्या होतात, आणि उत्तर C(१३, ४) = ७१५ न राहता ७१० होतं. रीत कुठवर चालते हे रीतीबरोबरच सांगून टाकणं, हे आजच्याही पुस्तकांत दर वेळी दिसत नाही.

## ८. या ८४ ना ‘समसमान शक्यता’ समजू नका

मोजणी जमली की पुढचा प्रश्न बहुधा संभाव्यतेचा येतो, आणि बरोबर आलेलं ८४ तिथे चुकीच्या जागी वापरलं जातं. समजा प्रत्येक गोळी डोळे मिटून चौघांपैकी एकाला दिली, आणि नंतर पाहिलं तर प्रत्येकाला निदान एक मिळालेली निघाली. मग ‘पहिल्याला ७, बाकीच्यांना एकेक’ असं होण्याची शक्यता ८४ पैकी १ आहे का?

नाही. डोळे मिटून देताना पहिली गोळी, दुसरी गोळी असा क्रम असतो, म्हणजे गोळ्या वेगळ्या धराव्या लागतात. ७, १, १, १ अशी ठरावीक वाटणी घडून यायचे मार्ग आहेत १० × ९ × ८ = ७२०. ३, ३, २, २ अशी ठरावीक वाटणी घडायचे मार्ग २५,२००, म्हणजे ३५ पट. यादीत दोघींची एकेकच ओळ असली तरी घडण्याच्या बाबतीत त्या बरोबरीच्या नाहीत. एकूण मार्ग ८,१८,५२०, पहिल्या पायरीत रंगीत गोळ्यांसाठी आलेला आकडा. भागाकारात खाली तोच घ्यायचा.

८४ ने भागणं बरोबर ठरतं ते वाटणीच चिठ्ठी टाकून ठरली तर: ८४ चिठ्ठ्या, प्रत्येकीवर एक वाटणी. किंवा नऊ फटींतून तीन फटी डोळे मिटून निवडल्या तर, कारण तेव्हा काड्यांची प्रत्येक मांडणी सारख्याच शक्यतेची असते. प्रश्नात नशीब गोळ्यांवर चालतंय की काड्यांवर, हे आधी शोधा. भाजक त्यावरून ठरतो.